आकृती गायब, विधान अर्धवट: वेन आकृतीचा प्रश्न तरीही कसा सोडवायचा?

कोपरीत माझ्याकडे भरतीची तयारी करणारी मुलं रोज मोबाईलवर आलेले प्रश्न घेऊन येतात. त्यात विधान-निष्कर्षाचे प्रश्न हमखास तुटके असतात. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की आकृती चित्र असल्यामुळे मागेच राहते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर त्याची अगम्य अक्षरं होतात. मग कुणीतरी आठवेल तेवढं हाताने टाईप करतो आणि एखादा शब्द सुटतो. असा प्रश्न लगेच टाकून द्यायचा नाही. आधी नेमकं काय हरवलंय ते बघायचं.

वाक्याचं कुठलं टोक तुटलंय?

मराठीत 'सर्व' किंवा 'काही' हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि 'आहेत' किंवा 'नाहीत' शेवटी. म्हणजे किती वस्तूंबद्दल बोलतोय ते डोक्याकडे कळतं आणि होकार की नकार ते शेपटीकडे. म्हणून दोन्ही टोकं वेगवेगळी तपासा.

मधला शब्दही मदत करतो. 'वह्या' असं अनेकवचन असेल तर सुरुवातीला बहुधा 'सर्व' किंवा 'काही' होतं. 'वही' असं एकवचन असेल तर 'एकही' किंवा 'प्रत्येक' असण्याची शक्यता जास्त. मग शेवटी 'नाही' दिसलं की 'एकही' समजायचं.

एक उदाहरण करून बघू

विधान 1: सर्व पेन वह्या आहेत.
विधान 2: ____ वह्या पुस्तके आहेत.

निष्कर्ष 1: काही पेन पुस्तके आहेत.
निष्कर्ष 2: काही पुस्तके वह्या आहेत.

शेपूट शाबूत आहे, म्हणजे विधान होकारार्थी आहे. रिकाम्या जागी 'सर्व' किंवा 'काही' एवढेच दोन पर्याय उरतात. आता दोन्ही आकृत्या स्वतः काढा.

'सर्व' धरलं तर पेनचं वर्तुळ वह्यांच्या आत आणि वह्यांचं पुस्तकांच्या आत. दोन्ही निष्कर्ष निघतात.

'काही' धरलं तर पेन वह्यांच्या आतच राहतं, पण पुस्तकांचं वर्तुळ वह्यांना फक्त एका बाजूने छेदतं. ते पेनला स्पर्शही न करता काढता येतं. त्यामुळे निष्कर्ष 1 निघत नाही. छेद मात्र आहेच, म्हणून निष्कर्ष 2 निघतो.

म्हणजे निष्कर्ष 2 दोन्ही वेळा टिकला. 'फक्त 1' आणि 'एकही नाही' हे पर्याय खोडता येतात. उरले 'फक्त 2' आणि 'दोन्ही'. यातला कुठला, हे हरवलेल्या शब्दाशिवाय ठरत नाही. इथे अंदाज लावून उत्तर पाठ करू नका.

आता शेपूट तुटलं असं समजा: 'काही वह्या पुस्तके ____'. 'आहेत' असो वा 'नाहीत', निष्कर्ष 1 कशातच निघत नाही. तो बिनधास्त खोडा. निष्कर्ष 2 मात्र 'आहेत' असेल तरच निघतो.

आणि निष्कर्ष 'काही वह्या पेन आहेत' असा असता तर? तो विधान 1 वरूनच निघतो. मग विधान 2 पूर्ण गायब झालं तरी फरक पडत नाही. (परीक्षेत 'सर्व पेन' म्हटलं की निदान एक तरी पेन आहे असं धरतात.)

नियम एवढाच: जेवढ्या प्रकारे वाक्य पूर्ण होऊ शकतं, तेवढ्या आकृत्या काढा. सगळ्या आकृत्यांत टिकतो तो निष्कर्ष पक्का. एकाही आकृतीत निघत नाही तो बाद. काहींत निघतो आणि काहींत नाही, तिथे मूळ प्रश्नच हवा.

फक्त आकृतीच नसेल तर?

'योग्य आकृती निवडा' असा प्रश्न असेल आणि शब्द दिले असतील, तर पर्यायांची वाट न बघता आकृती काढा. समजा शब्द आहेत: ठाणे जिल्हा, कोपरी, पालघर जिल्हा. कोपरी ठाणे जिल्ह्याच्या आत येते. पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा जिल्हा झाला, म्हणून त्याचं वर्तुळ पूर्ण बाहेर. तुमची आकृती तयार असली की मूळ पान मिळाल्यावर फक्त जुळवायची.

पण 'आकृतीत किती विद्यार्थी दोन्ही खेळ खेळतात' असा प्रश्न असेल आणि आकडे फक्त आकृतीतच छापलेले असतील, तर कुठलीच युक्ती चालत नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याकडे टाईप केलेला मजकूर पुन्हा मागू नका, पानाचा फोटो मागा. फोटोत विधानांची दोन्ही टोकं आणि चारही पर्याय दिसतायत ना, तेवढं बघून घ्या.