दुरून डोंगर साजरे : मराठी म्हणींच्या स्पॅनिश प्रतिरूपाचा एक प्रश्न

शेगावच्या परिसरातील वऱ्हाडी बोलीत ‘साजरे’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. मूल साजरे दिसते, लुगडे साजरे असते, कामही साजरे होते. पुण्याकडील प्रमाण मराठीत मात्र ‘सुंदर’ या अर्थाने हा शब्द बहुधा ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीपुरताच उरला आहे. एरव्ही तेथे सण साजरे होतात. त्यामुळे हीच म्हण पुण्यात किंचित जुनाट वाटते, तर शेगावात ती अगदी घरगुती वाटते. म्हणीचा अर्थ दोन्हीकडे एक असला, तरी तिचा सूर एक नाही. तिचे स्पॅनिश रूप शोधणाऱ्याने आपण कोणत्या मुखातील म्हण भाषांतरित करीत आहोत, हे म्हणून आधी ठरविले पाहिजे.

समजा, शेगावातील एक तरुण मुंबईच्या नोकरीचे गुणगान करीत आहे आणि तेथे दहा वर्षे काढून परतलेला त्याचा काका त्याला ही म्हण ऐकवितो. इंग्रजीच्या वाटेने जाणारा भाषांतरकार येथे ‘नो एस ओरो तोदो लो के रेलूसे’, म्हणजे ‘चकाकते ते सगळे सोने नव्हे’, ही स्पॅनिश म्हण योजतो. ती चुकीची म्हणता येत नाही, परंतु ती वस्तूवर खोटेपणाचा आरोप करते. डोंगर काही खोटा नसतो. जवळ गेल्यावर त्याचे दगडगोटे व काटेकुटे दिसू लागतात, एवढेच. दोष पाहणाऱ्याच्या अंतराचा आहे, आणि काकाच्या बोलण्यातला कळीचा मुद्दा तोच आहे. दुसरी म्हण सुचते ती ‘ला गायीना दे मी वेसीना मास ऊएव्होस पोने के ला मीया’, अर्थात ‘शेजारणीची कोंबडी माझ्या कोंबडीपेक्षा जास्त अंडी घालते’. हिच्यात तुलना येते. पण तीबरोबर मत्सरही येतो, आणि तरुणाच्या बोलण्यात मत्सर नाही. शिवाय शेजारीण जवळच राहते. अंतर येथेही नाहीसे झाले.

अर्थ जुळूनही सूर हरवतो, याचे याहून ठळक उदाहरण ‘पी हळद आणि हो गोरी’ या म्हणीत सापडते. तिला ‘नो से गानो सामोरा एन ऊना ओरा’ ही म्हण प्रतिरूप म्हणून दिली जाते. सामोरा नगर एका तासात जिंकले गेले नाही, असा तिचा अर्थ असून दुसऱ्या सांचो राजाने 1072 साली त्या नगराला घातलेल्या वेढ्याशी तिचा संबंध जोडतात. दोन्ही म्हणींचा विषय उतावळेपणा हाच आहे. परंतु मराठी म्हण उतावळ्याची टर उडविते, तर स्पॅनिश म्हण त्याला बहुधा धीर देते. नापास झालेल्या विद्यार्थ्याला स्पॅनिश आई सामोऱ्याची आठवण सहज करून देईल; मराठी आईने त्या वेळी हळदीचे नाव काढले, तर मुलगा दुखावेल.

याउलट ‘गाढवाला गुळाची चव काय’ हिला स्पॅनिशमध्ये सख्खी बहीण आहे : ‘नो एस ला मिएल पारा ला बोका देल आस्नो’, म्हणजे मध गाढवाच्या तोंडासाठी नव्हे. ‘दोन किहोते’च्या 1605 मधील पहिल्या भागाच्या अखेरच्या प्रकरणात, इन्सुला म्हणजे काय असे बायकोने विचारताच सांचो तिला हेच ऐकवितो. गुळाच्या जागी मध आला, यात काही बिघडत नाही. फरक आहे तो इतकाच की, मराठी म्हण गाढवाच्या अरसिकतेविषयी प्रश्न करते, तर स्पॅनिश म्हण त्याचा मधावरील हक्कच नाकारते. नवराबायकोच्या थट्टेत हा फरक विरून जातो. परंतु वरिष्ठाने कनिष्ठाला उद्देशून म्हटले, तर स्पॅनिश वाक्य अधिक बोचते.

डोंगराला अशी बहीण नाही. तेव्हा प्रतिमा तशीच ठेवून वाक्य घडविणे प्राप्त होते. मूळ म्हणीत क्रियापद नाही, आणि स्पॅनिश म्हणींनाही क्रियापदाची गरज भासतेच असे नाही. ‘खाण तशी माती’ हिच्याशी जुळणारी ‘दे ताल पालो, ताल आस्तीया’ (जसे लाकूड तशी ढलपी) ही त्याच घाटाची आहे. डोंगरासाठी ‘मोन्ते’ हा शब्द प्रथम आठवतो. पण अर्जेंटिनासारख्या देशांत त्याचा अर्थ रान असाही होतो. म्हणून ‘सेरो’ बरा. ‘साजरे’साठी ‘एर्मोसो’ घेतल्यास भाषा ग्रांथिक होते; शेगावच्या काकाच्या तोंडी साधा ‘बोनीतो’ शोभतो. वाक्य असे होते : ‘दे लेखोस, बोनीतोस लोस सेरोस’. दोन्ही शब्दांच्या शेवटी येणारा ‘ओस’ त्याला थोडा म्हणीचा ठेकाही देतो.

तथापि स्पॅनिश वाचकाने हे वाक्य पूर्वी ऐकलेले नाही, ही उणीव उरतेच. ओळखीच्या म्हणीमागे लोकमताचे जे वजन असते, ते नव्या वाक्याला लाभत नाही आणि वाचक ते काकाचे स्वतःचेच चमकदार बोलणे समजतो. संवादात ‘आमच्याकडे म्हणतात’ एवढे दोनतीन शब्द काकाच्या तोंडी आधी घातले की हा गैरसमज टळतो. तळटीप दिल्यास मात्र संभाषणाची गती तुटते.