अंगठा मागे घेता येतो

गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी काही छापील कागद घेऊन आली. तिच्या आईला एका नव्या औषधाच्या चाचणीत सामील व्हाल का, असे विचारले होते. "सर, एकदा अंगठा दिला की सुटका नाही ना?" तिने विचारले. सावकाराच्या कागदावर बापजाद्यांनी दिलेला अंगठा आपल्याला हेच शिकवून गेला आहे. पण चाचणीच्या संमतीपत्रावरचा अंगठा केव्हाही मागे घेता येतो. कारण सांगावे लागत नाही आणि त्यापायी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

मात्र हा हक्क ज्याला सांगितला, त्यालाच वापरता येतो. 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात 10 ते 14 वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक आदिवासी, दलित मुली होत्या. तपासलेल्या 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 पत्रांवर वसतिगृह अधीक्षकांच्या सह्या होत्या. 1,948 पत्रांवर अंगठे होते. 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध बहुधा नव्हता, असे चौकशी समितीने म्हटले. ही लस पुढे जगभर दिली गेली. तेव्हा प्रश्न लसीचा नाही, सहीचा आहे. लसीचे डोस तीन होते, सहा महिन्यांत द्यायचे. म्हणजे पहिल्यानंतर 'आता नको' म्हणायला दोनदा जागा होती. पण कागद आईबापांच्या हाती गेलाच नाही, तर नको म्हणणार कोण? अधीक्षकांना दुखणार नव्हते, आणि जिला दुखणार होते तिला विचारले नव्हते.

2019 च्या औषध चाचणी नियमांनुसार माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे. वाचता येत नसेल, तर सगळे समजावून सांगताना एक निःपक्ष साक्षीदार हजर हवा, त्याची सही हवी, आणि एक प्रत रुग्णाकडे राहायला हवी.

मग आम्ही तो कागद वाचायला बसलो. धोक्यांच्या रकान्यात 'किरकोळ त्रास संभवतो' एवढेच लिहिले असेल, तर तो धोका सांगितला असे होत नाही. कोणता त्रास, किती जणांना, झाला तर कोणाला कळवायचे आणि उपचाराचा खर्च कोणाचा, हे त्यात हवे. चाचणीत कोणाला नवे औषध आणि कोणाला जुने, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरणार असेल, तर तेही हवे.

माघारीलाही मर्यादा आहेत. पोटात गेलेले औषध परत निघत नाही. काही औषधे एकदम थांबवली तर अपाय होतो, म्हणून घरी बसून न राहता डॉक्टरांना सांगून बाहेर पडावे. घेतलेल्या रक्ताचे आणि नोंदींचे पुढे काय होईल, हेही आधीच विचारावे.

सहा प्रश्न लिहून घेऊन ती आईसह दवाखान्यात गेली. अंगठा द्यायचा की नाही, हे उत्तरे ऐकून आई ठरवणार आहे.