अबोला आणि ऑफिसचं काम

एकाच टीममधल्या जोडप्याचं भांडण ऑफिसात आरडाओरड्यातून क्वचितच दिसतं. ते बहुधा अबोल्यातून कामात शिरतं. समजा, एकजण हिशेबाची फाईल तयार करतो आणि दुसरी ती तपासून ग्राहकाकडे पाठवते. रात्री वाद झालेला असतो. फाईलमधला एक आकडा चुकल्याचं तिला दिसतं, पण त्याला फोन करायचा नसतो, म्हणून ती तिसऱ्या सहकाऱ्याकरवी निरोप धाडते. तो निरोप संध्याकाळी पोहोचतो आणि फाईल दुसऱ्या दिवसावर जाते. निरोप्या मधल्यामधे अडकतो, त्याला कुणाची तरी बाजू घ्यावी लागते. असे निरोप सुरू झाले की भांडण कामात आलं, हे ओळखावं.

उपाय शांत असतानाच ठरवावा लागतो. कामाचं बोलणं ऑफिसच्या ईमेलवर किंवा टीमच्या ग्रुपवर, इतर कुणाशी बोलावं तसं. वादाचा विषय घरी पोहोचेपर्यंत बंद. सहकाऱ्यांकडे जोडीदाराची तक्रार तर मुळीच करू नये, कारण दोघांचं मिटतं, ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ते राहतं.

दोघांपैकी एक दुसऱ्याचा वरिष्ठ असेल, तर एवढ्याने भागत नाही. तिथे घरचा राग पगारवाढीच्या शेऱ्यात उतरू शकतो, आणि न उतरला तरी संशय राहतोच. मॅकडोनाल्ड्सचे प्रमुख स्टीव्ह ईस्टरब्रुक यांना 2019 मध्ये कर्मचाऱ्याशी संमतीचे संबंध ठेवल्यावरून पद सोडावं लागलं. अशा वेळी एचआरला कळवून एकाने दुसऱ्या विभागात बदली मागावी.