मधल्या शून्यातून धक्का जातो कुठून?

दोन सारखे विद्युतप्रभार समोरासमोर ठेवले की ते एकमेकांना दूर लोटतात, हे आपण शाळेत शिकतो. किती जोराने लोटतात तेही ठाऊक असते. कूलॉमने 1785 मध्ये तारेच्या पिळावर चालणारा तराजू वापरून दाखवले की अंतर दुप्पट झाले तर जोर चौथाईवर येतो. एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. मायकेल फॅरेडेचे झाले नाही. मधल्या रिकाम्या जागेला वळसा घालून एका प्रभाराचा हात थेट दुसऱ्यापर्यंत पोचतो, हे त्याला पटेना. जे काही पोचते ते मधल्या जागेतूनच पोचत असणार, असे त्याचे म्हणणे होते.

आता हे म्हणणे जरा ताणून पाहू. दोन सारखे धन प्रभार घ्या आणि त्यांच्या बरोबर मधल्या बिंदूवर बोट ठेवा. तिथे डावीकडच्या प्रभाराचे क्षेत्र उजवीकडे ढकलते, उजवीकडच्याचे डावीकडे, आणि दोन्ही तंतोतंत सारखी असतात. म्हणजे त्या बिंदूवर विद्युतक्षेत्र शून्य. धक्का मधल्या जागेतून जात असेल, तर सगळ्यात जवळच्या वाटेवरच नेमकी सामसूम कशी? मग तो पलीकडे जातो तरी कुठून?

रस्सीखेचीत जोर किती लागतो आहे हे कळायला खेळाडूंकडे पाहावे लागत नाही. दोराच्या मध्यावर ताणकाटा बांधला की पुरे. अलीकडून पलीकडे जाणारी सगळी ओढ त्या एका जागेतूनच जाते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने फॅरेडेची कल्पना गणितात बसवली ती याच धर्तीवर. दोन प्रभारांच्या मधोमध एक काल्पनिक पडदा उभा करा, चारही बाजूंना अनंतापर्यंत पसरलेला. या पडद्याच्या तुकड्यातुकड्यावर ताणकाटा लावला असता तर काय दिसले असते, ते फक्त तिथल्या क्षेत्रावरून काढायचे आणि बेरीज करायची. प्रभारांकडे ढुंकूनही पाहायचे नाही.

त्या ताणकाट्याचा नियम साधा आहे. फॅरेडेच्या क्षेत्ररेषा ताणलेल्या रबरासारख्या असतात, त्या लांबीच्या दिशेने आखडू पाहतात. आणि शेजारच्या रेषेला मात्र कोपराने बाजूला सारतात. मॅक्सवेलने या दोन्ही खोडींना आकडा दिला, आणि तो एकच निघाला: दर चौरस मीटरला ε₀E²/2. रेषेच्या दिशेने एवढा ताण, रेषेला आडवा एवढाच दाब. इथे E म्हणजे क्षेत्राची तीव्रता. रेषा पडद्याला तिरकी छेदत असेल, तर क्षेत्राचे दोन घटक करायचे: पडद्याला लंब असलेला ओढतो, पडद्याला समांतर असलेला ढकलतो. लंब घटकाच्या वर्गातून समांतर घटकाचा वर्ग वजा करायचा आणि त्याला ε₀/2 ने गुणायचे. तिरक्या रेषेमुळे पडद्यावर सरकवणारा जोरही येतो, पण आपला पडदा भोवती सगळीकडे सारखाच असल्याने तो जोर वर्तुळाभर फिरून स्वतःलाच रद्द करतो. ताण, दाब आणि सरक यांचा हा एकत्र हिशेब म्हणजेच स्ट्रेस टेन्सर; मराठी परिभाषेत प्रतिबल प्रदिश. नाव जड आहे, काम जमाखर्चाचे.

दोन प्रभार घेण्याआधी एकच घेऊन हिशेब तपासू. पडद्यापासून a अंतरावर एकटा प्रभार आहे, पलीकडे कोणीही नाही. त्याच्यासमोरच्या भागात रेषा पडद्याला जवळजवळ लंब येतात, म्हणजे तिथे ओढ आहे. दूरवर त्या पडद्याला घासून जातात, म्हणजे तिथे ढकल आहे. सीमारेषा बरोबर a त्रिज्येच्या वर्तुळावर असते, कारण तिथे रेषा पंचेचाळीस अंशांत येतात आणि दोन्ही घटक सारखे होतात. पडदाभर बेरीज केली की लंब घटकाची सगळी ओढ आणि समांतर घटकाची सगळी ढकल तंतोतंत सारखी निघते. उत्तर शून्य. तसेच हवे, कारण एकटा प्रभार स्वतःला ढकलू शकत नाही. पण हे शून्य रिकामे नाही. त्याच्या पोटात दोन सारख्या रकमा एकमेकींसमोर ठाकलेल्या आहेत, आणि पुढचे सगळे उत्तर त्यांच्यातूनच निघते.

आता पलीकडे तेवढ्याच अंतरावर तसाच दुसरा प्रभार ठेवा. पडद्यावर प्रत्येक ठिकाणी दोघांचे लंब घटक विरुद्ध दिशांना असतात, ते एकमेकांना मारतात. समांतर घटक मात्र एकाच दिशेला, केंद्रापासून बाहेर, म्हणून ते दुप्पट होतात. ओढणारा पक्ष मैदानातून उठून गेला. ढकलणाऱ्याचे क्षेत्र दुप्पट, म्हणजे वर्गाने जोर चौपट. दुसऱ्या प्रभाराचे चिन्ह उलटे केले तर बाजी उलटते: समांतर घटक नाहीसे होतात, लंब घटक दुप्पट, आणि चौपट होते ती ओढ. मुळात दोन्ही रकमा सारख्या होत्या, म्हणून चौपट झाल्यावरही सारख्याच राहिल्या. सारख्या प्रभारांमधली ढकल आणि विरुद्ध प्रभारांमधली ओढ इतकी काटेकोर जुळते, याचे कारण पडद्यावर असे डोळ्यांना दिसते.

आकडे घालून पाहू. प्रत्येक प्रभार 0.1 मायक्रोकूलॉम, दोघांमधले अंतर 10 सेंटिमीटर, म्हणजे पडद्यापासून प्रत्येकाचे अंतर 5 सेंटिमीटर. कूलॉमच्या नियमाने जोर येतो 9 मिलिन्यूटन, एक ग्रॅमच्या वजनापेक्षा थोडा कमी. पडद्यावरच्या बेरजेतूनही हाच आकडा यायला हवा. सारख्या प्रभारांसाठी केंद्रापासून r अंतरावरचे क्षेत्र 2kqr/(r²+a²)^(3/2) आहे. त्याचा वर्ग करून ε₀/2 ने गुणायचे आणि कड्याकड्याने अनंतापर्यंत संकलन करायचे. उत्तर येते kq²/4a². 2a हे दोघांमधले अंतर धरले तर हाच कूलॉमचा नियम, आणि आकडा 9 मिलिन्यूटन.

मधल्या शून्याचा उलगडाही इथेच होतो. केंद्रावर दाब शून्य असतो, बाहेर जाताना तो वाढतो, साडेतीन सेंटिमीटरवर सर्वाधिक होतो आणि मग उतरत जातो. सर्वाधिक म्हणजे तरी किती? सुमारे 0.34 पास्कल, वातावरणाच्या दाबाचा तीन लाखावा हिस्सा. धक्का जातो तो केंद्राभोवतीच्या रुंद कड्यातून. केंद्रापासून 5 सेंटिमीटरच्या वर्तुळात फक्त पाव धक्का असतो, उरलेला पाऊण त्याच्या बाहेरून जातो. विरुद्ध प्रभारांची तऱ्हा नेमकी उलटी: केंद्रावरच ताण सर्वाधिक, सुमारे 2.3 पास्कल, आणि त्याच 5 सेंटिमीटरच्या वर्तुळातून पाऊण ओढ जाते, बाहेरून पाव. एकूण जोर सारखा, वाटा वेगळ्या.

या फरकाचा फटका संगणकावर हा हिशेब करणाऱ्यांना बसतो. अनंत पडदा संगणकात मावत नाही, म्हणून कुठेतरी कापावा लागतो. समजा 15 सेंटिमीटर त्रिज्येवर कापला. विरुद्ध प्रभारांसाठी 99 टक्के उत्तर हाती येते, आणि आपली पद्धत झकास आहे असे वाटते. त्याच पडद्यावर सारखे प्रभार घेतले की 81 टक्केच मिळतात. सूत्र चुकलेले नसते. उरलेला धक्का कापलेल्या भागातून निसटलेला असतो. ओळखायची खूण अशी: त्रिज्या वाढवत न्या. आकडा 50 सेंटिमीटरला 98 टक्क्यांपर्यंत चढला तर समजावे की पडदा तोकडा होता.

दुसरी चूक दिशेची. टेन्सरला बंद पृष्ठभाग लागतो. आपण ज्या प्रभारावरचा जोर विचारतो त्याला वेढणारा पृष्ठभाग म्हणजे पडदा आणि त्याच्या बाजूचा अनंतावरचा अर्धगोल. अर्धगोलाचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढते, पण E² किमान चौथ्या घाताने घटतो, म्हणून तिथून काही येत नाही. मात्र पडद्याची बाहेरची दिशा ही त्या प्रभारापासून दूर जाणारी दिशा धरावी लागते. ती उलटी धरली की सारखे प्रभार एकमेकांना ओढताना दिसतात. असे उत्तर आले की गणित पुन्हा करण्याआधी बाण तपासावा.

आणि मर्यादाही आहेत. 0.1 मायक्रोकूलॉम प्रभार खरोखरच बिंदूवर ठेवता येत नाही. हवेत ठिणगी पडू नये म्हणून त्याला किमान पावणेदोन सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा लागतो. गोळा धातूचा असेल तर शेजाऱ्यामुळे प्रभार गोळ्यावर सरकतो आणि कूलॉमचे साधे सूत्र थोडे हुकते. पडद्याचा हिशेब तेव्हाही चालतो, फक्त क्षेत्र खरे घ्यावे लागते. क्षेत्र वेळेनुसार बदलत असेल, तर क्षेत्रातच साठलेला संवेगही जमाखर्चात धरावा लागतो.

एक शंका उरते. पडदा काल्पनिक आहे. मग पाऊण आणि पाव ही वाटणी खरी की कागदावरची? रिकाम्या जागेत ताणकाटा लावता येत नाही, आणि तिथे बंद पृष्ठभागावरची एकूण बेरीजच काय ती पक्की. पण विरुद्ध प्रभारांच्या बाबतीत एक सोय आहे. त्यांच्या मधल्या प्रतलावर विभव सगळीकडे शून्य असते, म्हणून तिथे जमिनीला जोडलेला पातळ धातूचा पत्रा ठेवला तरी क्षेत्र जराही बदलत नाही. मग पलीकडचा प्रभार काढून टाका. अलीकडे काहीच फरक पडत नाही. उरतो एक प्रभार आणि एक पत्रा, आणि पत्र्यावरची ओढ खरीखुरी असते.

ती तुकड्याने मोजायची युक्ती विल्यम थॉमसनची, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्विनची. त्याच्या विद्युतमापीत तबकडी एका कड्याच्या आत बसवलेली असे, मध्ये बारीक फट, दोन्हींचे विभव एकच. कडे क्षेत्राचा आकार राखते आणि तराजूवर येते ती फक्त तबकडीवरची ओढ. आपल्या पत्र्यातून 5 सेंटिमीटर त्रिज्येची तबकडी अशी कापली आणि दोन्ही भाग जमिनीला जोडलेले ठेवले, तर तराजू पावणेसात मिलिन्यूटन दाखवेल, नवातला पाऊण हिस्सा. बाकीचा पाव कड्यावर असेल.