फायनल इयरचा प्रोजेक्ट गावाला कळेल असा कसा लिहायचा? ‘ओलावा ६४०’ म्हणजे काय, ते आधी सांगा

मांजरसुंबा : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सादर झाले की पोरांच्या स्टेटसवर आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येऊ लागतात. टेबलावर हिरवा बोर्ड, वायरींचा गुंता, शेजारी एक कुंडी आणि खाली लांबलचक नाव : ‘आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन सिस्टीम युझिंग सॉइल मॉइश्चर सेन्सर’. लोक अंगठा दाखवतात, अभिनंदन लिहितात आणि पुढं जातात. पोरानं नेमकं काय केलं, हे घरच्यांनाही कळत नाही. आणि एखाद्याला कळल्यासारखं वाटलं, तर तो तसलाच डबा विहिरीवरच्या मोटारीला जोडायला निघतो. यातली दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे.

म्हणून हाच नेहमीचा पाणी देण्याचा प्रोजेक्ट घेऊन पाहू. तो साध्या शब्दांत लिहायचा तर सुरुवात डब्यापासून करायची नाही. शेतात अडचण काय आहे, तिथून करायची.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत आहे. मोबाईलवरून शेतातला पंप चालू-बंद करणारं हे यंत्र. त्याची गोष्ट सांगताना ते सर्किटपासून सुरुवात करत नाहीत. पंप चालू करायला आजोबांना शेतापर्यंत करावी लागणारी पायपीट, तिथून ते सुरू करतात. ऐकणाऱ्याला पायपीट माहीत असते, त्यामुळं यंत्र कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्या कुंडीकडं येऊ. डेमोत काय होतं? मातीत दोन दातांचा सेन्सर खोचलेला असतो आणि स्क्रीनवर `Soil Moisture: 640` असा आकडा दिसतो. पाणी ओतलं की आकडा खाली येतो आणि छोटा पंप बंद होतो. परीक्षकांना हे पुरतं, पण शेतकऱ्याला ६४० म्हणजे काहीच नाही. हा आकडा टक्के नसतो. साध्या अर्डुइनो बोर्डवर तो ० ते १०२३ च्या मध्ये कुठंही येतो आणि या स्वस्त सेन्सरमध्ये तो उलटा चालतो : माती जितकी कोरडी, तितका आकडा मोठा. ‘मॉइश्चर ६४०’ वाचून गडी समजणार की रान चांगलं ओलं आहे.

खरं तर या आकड्याला आपल्याकडं आधीपासून शब्द आहे, वाफसा. पोस्ट लिहिण्याआधी विद्यार्थ्यानं एक काम करावं. सेन्सर घेऊन रानात जावं. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबावी. गोळा झाला आणि बोटानं टोकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळा चिकट राहिला तर अजून ओल जास्त आहे, आणि गोळा वळलाच नाही तर रान सुकलं. प्रत्येक वेळी त्याच जागी सेन्सर खोचून आकडा लिहून घ्यायचा. समजा वाफशाला ५०० आला आणि रान सुकल्यावर ७०० आला, तर पोस्टमध्ये ‘थ्रेशोल्ड ७००’ असं लिहायची गरजच उरत नाही. ‘वाफसा मोडला की डबा सांगतो’ एवढं पुरतं. मात्र हा आकडा त्या रानापुरता आणि त्या सेन्सरपुरताच. डोंगराकडच्या मुरमाड जमिनीत तो वेगळा येणार आणि खालच्या काळ्या रानात वेगळा.

काळ्या रानाची आणखी एक भानगड आहे. सुकल्यावर ते भेगाळतं. भेग नेमकी सेन्सरजवळ पडली तर दातांना माती टेकत नाही. मग खाली ओल असली तरी आकडा कोरडं दाखवतो. शिवाय सतत वीज वाहणारे हे दोन दात ओल्या मातीत गंजतात. काही आठवड्यांत आकडे भरकटायला लागतात. ओळखायचं कसं? सेन्सर उपसून धुवायचा आणि पेल्यातल्या पाण्यात बुडवायचा. पहिल्या दिवशी पाण्यात जो आकडा आला होता तो आता येत नसेल, तर सेन्सर गेला. कुंडीत दोन दिवस चाललेल्या डेमोत हे काहीच दिसत नाही. म्हणून किती दिवस आणि कुठं तपासलं, हे पोस्टमध्ये आलंच पाहिजे.

आता मोटार. डेमोतला पंप मोबाईलच्या चार्जरवर चालतो. विहिरीवरची पाच एचपीची मोटार तीन फेजवर चालते. बोर्डवरचा निळा रिले एकच वायर तोडतो आणि त्यावर बहुधा २५० व्होल्ट लिहिलेलं असतं. शेतातल्या बऱ्याच स्टार्टरची कॉइल दोन फेजमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. फोटो बघून कुणी हा रिले तिथं जोडला, तर डबा जळेल किंवा माणसाला शॉक बसेल. एक फेज गेल्यावर मोटार वाचवायचं कामही हा डबा करत नाही.

आणि लाईट आल्या आल्या मोटार सुरू करणारे ‘ऑटो’ नको, असं महावितरण का सांगतं ते सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपीवर ताण येतो. या डब्यानंही तेच केलं, तर गावाला अजून एक ऑटो मिळाला, दुसरं काही नाही.

हे सगळं ध्यानात घेतलं तर पोस्ट साधारण अशी होते :

“रात्रपाळीची लाईट असली की आमच्या घरचं कुणीतरी दारं धरायला जातं. कधी कधी रानाला पाण्याची गरजच नसते, पण ते तिथं गेल्यावर कळतं. म्हणून आम्ही एक छोटा डबा बनवला. त्याचे दोन दात मातीत राहतात. वाफसा मोडला की तो मोबाईलवर निरोप पाठवतो. निरोप नाही आला तर रात्री जायची गरज नाही. आम्ही तो कॉलेजात कुंडीत आणि घरच्या कापसात एका जागी बारा दिवस लावला. रोज माती मुठीत दाबून ताडून पाहिलं. दोन दिवस तो चुकला, कारण शेजारी भेग पडली होती. तो एकाच जागेचं सांगतो, सगळ्या रानाचं नाही. रेंज नसली तर निरोप येत नाही. डेमोत आम्ही त्याच्यावर छोटा पंप चालवला, पण शेतातल्या मोटारीला तो जोडलेला नाही. कृपया कुणी जोडू नये.”

यातले बारा दिवस आणि दोन चुका उदाहरणादाखल आहेत, ज्यानं त्यानं आपलं खरं मोजून लिहावं. खर्च लिहायचा तर पूर्ण लिहावा. बोर्ड, सेन्सर, डबा, बॅटरी आणि सिमचा रिचार्जही धरावा. नुसती बोर्डाची किंमत लिहिली की लोक तेवढ्यातच मागतात.

फोटो टेबलावरचा टाकण्यापेक्षा रानातला टाकावा, दात मातीत किती खोल गेलेत ते दिसेल असा. वायरी उघड्या दिसणारा फोटो शक्यतो टाळावा, कारण लोक तोच बघून जोडणी करतात.

पाठवण्याआधी घरात जो मोटार चालू करायला जातो त्याला पोस्ट वाचून दाखवावी आणि एवढंच विचारावं, “हा डबा काय करतो?” तो जर म्हणाला, “मोटार आपोआप चालू करतो,” तर पोस्ट अजून पाठवायची नाही.