शोकसभेत आजोबांवर बोलताना

तेराव्याच्या सुमारास घरातलं कुणीतरी म्हणतं, "सभेत नातवंडांपैकी एकानं बोलायला हवं." ज्याच्या गळ्यात ते पडतं तो बिचारा रात्री कागद घेऊन बसतो आणि लिहितो: मनमिळाऊ, कष्टाळू, अजातशत्रू. हे शब्द गल्लीतल्या कुठल्याही आजोबांना लागू पडतात. समोर बसलेल्यांना मात्र हेच आजोबा हवे असतात, तेही त्यांच्या खोडींसकट. हसू येतं ते त्या खोडींतूनच, विनोद शोधत बसावं लागत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. त्याचे आजोबा एसटीत कंडक्टर होते. भाषणाच्या पहिल्या खर्ड्यात त्यानं जन्मगाव, शिक्षण, नोकरी, निवृत्ती असं सगळं ओळीनं मांडलं होतं. हे सगळं आधी बोलणाऱ्या भाऊबंदांनी सांगितलेलंच असतं, नातवानं ते एका वाक्यात उरकावं. मी त्याला एवढंच विचारलं, "घरात आजोबांची नक्कल करायची झाली तर तुम्ही काय करता?" तो पटकन म्हणाला, "डोकी मोजतो."

भाषण तिथंच सापडलं. गाडीतले प्रवासी आणि फाडलेली तिकिटं यांचा मेळ घालण्यात ज्याची नोकरी गेली, त्याची ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. मग मुलानं लिहिलं ते असं:

"लग्नाला निघताना आजोबा जीपच्या दाराशी उभे राहून सगळ्यांची डोकी मोजायचे. मग परत मोजायचे. दोन्ही वेळा आकडा वेगळा यायचा, कारण एकदा ते स्वतःला धरायचे आणि एकदा विसरायचे. हिशेब जुळला की जीपच्या टपावर दोन थापा. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे आम्हाला बाराखडीच्या आधी येत होतं. दिवाळीत आम्ही सगळे माजघरात झोपलो की ते बॅटरी घेऊन यायचे आणि पांघरुणाबाहेरचे पाय मोजून भागिले दोन करायचे. एका वर्षी ताई पुण्याहून निघाली आणि गाडी घाटात अडकली. आजोबा ओट्यावर बसून राहिले. आई म्हणाली, झोपा आता, सकाळी येईल ती. ते म्हणाले, एक कमी आहे."

पायांच्या हिशेबाला लोक हसतात आणि 'एक कमी आहे'पाशी गप्प होतात. हसवलं आणि रडवलं ते एकाच सवयीनं, म्हणून जोड दिसत नाही. चुटका वेगळा आणि आठवण वेगळी ठेवली की भाषण स्नेहसंमेलनासारखं होतं. हसू पहिल्याच वाक्यात आणायची घाईही नको. आधी आपण त्यांचे कोण हे सांगावं, लोकांना जरा स्थिरावू द्यावं.

कशावर हसायचं, याबाबत मी कडक आहे. सवय, हट्ट, काटकसर चालते. आजारपण, शेवटच्या दिवसांतलं विसरणं, व्यसन, जमिनीची भांडणं नाही. ज्या गोष्टीत समोर बसलेली एखादी सून किंवा जावई खजील होईल, ती कितीही रंगतदार असली तरी वगळावी. भाषण आधी आजीला वाचून दाखवावं. ती हसली तर ठीक. ती नुसतीच "हं" म्हणाली, तर तेवढा भाग काढावा.

आठवणी पडताळून घ्याव्यात, ते काम वाटतं तितकं सोपं नाही. या घरात घाट कुठला यावर काका आणि आत्या यांचं एकमत होईना. मुलानं घाटाचं नाव गाळलं, नुसतं 'घाट' ठेवलं. भर सभेत मागून कुणी "खंबाटकी नव्हे रे" म्हणालं असतं तर सगळा नूर गेला असता.

चार मिनिटं पुष्कळ झाली, म्हणजे साधारण साडेचारशे शब्द. पाठ करू नये, कागदावरून वाचावं. अक्षर मोठं, कागदाच्या एकाच बाजूला, आणि पानांना आकडे, कारण हात थरथरतात. लोक हसले की हसू ओसरेपर्यंत थांबावं, नाहीतर पुढचं वाक्य वाया जातं. आवाज घरातल्या सरावात जिथं फुटतो, सभेतही बहुधा तिथंच फुटतो. त्या ओळीपाशी खूण करावी, तिच्या आधी पाण्याचा घोट घ्यावा. कागदाची दुसरी प्रत एखाद्या भावंडाच्या खिशात असावी, वाचवेनासं झालं तर त्यानं उठून पुढं वाचावं.

शोकसभेत टाळ्या नसतात, त्यामुळे आपलं संपलं हे आपल्यालाच दाखवावं लागतं. फोटोला आणि सभेला नमस्कार करावा आणि जागेवर जाऊन बसावं.