कागद आखाताकडे निघताना (भाग ६) : लायसन्सचा फोटो

उंबरमाळी, खर्डी, कसारा या पट्ट्यातली टेम्पो-ट्रक चालवणारी पोरं आखाती नोकरीसाठी लायसन्सचा फोटो एजंटला व्हॉट्सॲपवर पाठवतात, तो बहुतेक वेळा एकाच बाजूचा. मग अरबी भाषांतरात काहीतरी गळतंच. दोन्ही बाजू मागवा. होलोग्रामच्या चकाकीत ३ आणि ८ सारखेच दिसतात, म्हणून लायसन्स नंबर आणि जन्मतारीख ‘सारथी’ पोर्टलवर टाकून आकडे पडताळून घ्या.

समजा, महाराष्ट्राचं जुनं स्मार्ट कार्ड आहे. नंबर MH05 ने सुरू होतो, म्हणजे कल्याण कार्यालय. पुढचे चार आकडे बहुधा वर्षाचे. खाली COV, म्हणजे वाहनाचा वर्ग, आणि शेजारी DOI:

```
MCWG   18-06-2009
LMV    18-06-2009
TRANS  06-05-2013
```

इथे ओळी तीन, पण तारखा दोन वेगळ्या. टायपिस्ट त्यांचा एकच आकडा करतो, आणि ट्रकचा अनुभव एकदम जवळपास चार वर्षांनी वाढतो. MCWG म्हणजे गिअरची मोटरसायकल, LMV ला ‘मरकबा खफीफा’. खरी अडचण TRANS ची. त्याला सर्रास ‘शाहिना सकीला’, म्हणजे अवजड ट्रक, लिहितात. कार्डावर वजनाचा शब्दही नाही. ‘मरकबत नक्ल’, वाहतुकीचं वाहन, एवढंच म्हणावं आणि मूळ TRANS शेजारी तसंच ठेवावं. वैधताही दोन असतात, NT आणि TR. NT ची लांबची तारीख ट्रकला लावली की कागद खोटा ठरतो.

तारखेचा घोळ संगणक करतो. अरबी शब्दानंतर 06-05-2013 टाइप केलं, तर मधल्या आडव्या रेघेमुळे पडद्यावर 2013-05-06 दिसतं. टायपिस्ट ते ‘सुधारायला’ जातो आणि दिवस-महिना उलटे बसतात. तिरकी रेघ वापरली तर क्रम टिकतो. पण महिना अक्षरांत, ‘६ मायो २०१३ मीलादी’ असा लिहिलेला सर्वांत निर्धोक. हिजरी तारीख स्वतः काढू नये. अरबी अंकही जपून: ٥ हा पाच आहे, शून्य नव्हे, आणि ٦ सहा असून सातासारखा दिसतो. त्यामुळे MH05 आणि पुढचा नंबर रोमनच ठेवावा.

आखातात बऱ्याच ठिकाणी लायसन्स वाहतूक पोलिसांकडून मिळतं, म्हणून भाषांतरकार आपल्या आरटीओलाही ‘मुरूर’ म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे हे काम राज्याच्या परिवहन खात्याचं. लायसन्सवर ‘सुल्तत अत-तर्खीस, कल्याण, महाराष्ट्र’ लिहावं. गाडीच्या आरसी बुकावर ‘सुल्तत अत-तस्जील’, कारण तिथे तेच कार्यालय नोंदणी अधिकारी असतं. कार्डावरचा ‘Signature & ID of Issuing Authority’ पुढचा आकडा अधिकाऱ्याच्या ओळखीचा. तो लायसन्स नंबराच्या रकान्यात गेलेला मी पाहिला आहे.

एवढं करूनही हा मसुदाच. अमिरातीत सरकारी कामाला न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या भाषांतरकाराचाच शिक्का लागतो. त्याला फोटोसोबत आपली ही टिपणंही पाठवावीत.